हिरवा दिवा आणि पिवळे दात

माझ्या कामात सर्व्हर चालू असला तरी आम्ही लॉग बघतो, कारण हिरवा दिवा खोटं बोलू शकतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या मामाच्या गावी मात्र सगळं हिरव्या दिव्यावर चाललंय.

तिथल्या बोअरच्या पाण्यात दर लिटरला ४ मिलीग्राम फ्लोराइड आहे. भारतीय मानकाप्रमाणे १ मिलीग्राम ही मर्यादा, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५. मामेभावाच्या दातांवर तपकिरी पट्टे आहेत. दात घडताना लहानपणी पोटात गेलेलं फ्लोराइड ते, आता कुठल्याही पेस्टने जाणार नाही. मामाची पाठ आणि गुडघे आखडलेत. खाली पडलेली चप्पल उचलायलाही त्याला भिंत धरावी लागते.

दोन वर्षांपूर्वी एका योजनेतून घरोघरी फिल्टर आले. फोटो निघाले, आकडा वर गेला. मामा म्हणाला, "काहून घाबरतं रे? आता मशीन बसली ना."

मी हिशेब केला. फिल्टरमध्ये ३ किलो सक्रिय अॅल्युमिना असतं. एक किलो साधारण २ ग्राम फ्लोराइड धरतं, म्हणजे एकूण ६ ग्राम. ४ वरून १ वर आणायचं तर लिटरमागे ३ मिलीग्राम काढायचं. रोज २० लिटर पाण्यासाठी ६० मिलीग्राम. म्हणजे शंभर दिवसांत अॅल्युमिना भरून जातं. मग ते कॉस्टिक सोड्याने आणि नंतर पातळ आम्लाने धुऊन ताजं करावं लागतं. दोन वर्षांत कोणी एकदाही धुतलं नाही.

आणि गंमत अशी, की भरलेल्या फिल्टरमधूनही पाणी तसंच स्वच्छ येतं. फ्लोराइडला ना चव, ना वास, ना रंग. उकळल्यानेही ते जात नाही, उलट पाणी आटतं तसं घट्ट होतं. मी किटने तपासलं, तेव्हा आत जाणारं आणि बाहेर येणारं पाणी जवळजवळ सारखंच निघालं. दोन वर्षं लोक खात्रीने विष पीत होते. फिल्टर नसता तर निदान संशय तरी राहिला असता.

म्हणून माझं म्हणणं आहे, की किती फिल्टर वाटले हे मोजणं बंद करा. आधी गावातल्या उथळ विहिरी तपासा. खडकात जास्त काळ मुरलेल्या खोल पाण्यापेक्षा त्यांत फ्लोराइड बहुतेकदा कमी असतं. चांगली विहीर सापडली, तर तिचं पाणी फक्त पिण्या-स्वयंपाकाला ठेवा. आंघोळीला बोअर चालेल. विहीर नसेल तरच फिल्टर, आणि मग धुण्याची तारीख, धुणाऱ्याचं नाव, त्याची मजुरी आणि महिन्याची तपासणी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. रसायनं हाताळायला एक शिकवलेला माणूस लागेल, तो नसेल तर फिल्टर घेऊच नका.

मामाला मी फिल्टर बंद करायला सांगितला. तो विचारतो, "मग पिऊ काय?" या प्रश्नाचं उत्तर फोटो काढणाऱ्यांनी द्यायचं आहे.