स्टिकर आला, उत्तर राहिले

गृहनिर्माण संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री नऊच्या सुमारास एक सभासद विचारतो, ‘लिफ्टच्या दुरुस्तीला तीन लाख चाळीस हजार गेले. त्यासाठी किती जणांकडून कोटेशन मागवली होती?’ पाच मिनिटांत सेक्रेटरींचा हात जोडलेला स्टिकर येतो. मागोमाग ‘अशी ही बनवाबनवी’तला अशोक सराफांचा चेहरा असलेले एक मीम, मग कोणाची तरी नाचणारी जीआयएफ आणि चार-पाच हसरे चेहरे. साडेनऊला उद्या पाणी उशिरा येणार असल्याची सूचना पडते आणि लिफ्ट मागे राहते. प्रसंग कल्पित आहे, पण अशा ग्रुपात असलेल्या कोणालाही तो अनोळखी वाटणार नाही.

या चित्रांचा जन्म मात्र टाळाटाळीसाठी झालेला नाही. १९८२ साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकावरच्या सूचनाफलकावर एकाने थट्टेत लिहिले की, एका प्रयोगामुळे इमारतीच्या लिफ्टमध्ये पारा सांडला आहे. काहींना तो खराच इशारा वाटला. मजकुरात आवाज नसतो, चेहरा नसतो; त्यामुळे गंमत कोणती आणि गंभीर काय, हे कळत नाही. म्हणून १९ सप्टेंबर रोजी स्कॉट फालमन या संगणकतज्ज्ञाने सुचवले की, थट्टेपुढे :-) ही खूण करावी आणि थट्टा नसेल तिथे :-( ही. पुढची सगळी चित्रभाषा हेच काम करत आली आहे. मजकुराला सूर देणे, हे ते काम.

सूर देण्याचा उपयोग खराच आहे. ‘काकू, यंदा गणपतीची वर्गणी पाचशेच देता येईल’ असे लिहून खाली ओशाळलेल्या मांजराचा स्टिकर टाकला, तर नकाराची धार बोथट होते आणि नकार मात्र शाबूत राहतो. आकडा लिहिलेला आहे, काकूंना काय समजायचे ते समजले आहे. इथे चित्र शब्दांच्या जोडीला आले. शब्दांच्या जागी चित्र आले की गणित बदलते.

ते का बदलते, हे समजायला संभाषणाचा एक साधा नियम पाहावा लागेल. हार्वी सॅक्स आणि इमॅन्युएल शेग्लॉफ या समाजशास्त्रज्ञांनी माणसांची रोजची बोलणी ध्वनिमुद्रित करून बारकाईने तपासली. प्रश्न आणि उत्तर ही जोडी असते, असे त्यांनी दाखवले. प्रश्न विचारला की पुढची जागा उत्तरासाठी राखीव होते. ती रिकामी राहिली तर सर्वांना खुपते आणि विचारणारा हक्काने पुन्हा विचारू शकतो. स्टिकर नेमका याच जागेवर येऊन बसतो. सेक्रेटरी गप्प बसले असते, तर शांतता त्यांच्या अंगावर आली असती. आता त्यांनी ‘प्रतिसाद’ दिला आहे. फक्त कोटेशन किती होती, ते कळलेले नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे हात झटकण्याची सोय. पेनेलोप ब्राऊन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी सभ्यतेच्या भाषेचा अभ्यास करताना आडून बोलण्याची एक स्वतंत्र रीत मांडली. अनेक अर्थ निघतील असे बोलायचे, म्हणजे कोणत्याही एका अर्थाला बांधून घ्यावे लागत नाही. जोडलेल्या हातांचा अर्थ ‘माफ करा’ होतो, ‘आभारी आहे’ होतो, ‘पुरे करा आता’ असाही होतो. सभासदाने चिडून यातला एक अर्थ पकडला, तर ‘अहो, मी तर फक्त नमस्कार केला’ म्हणायला वाव आहे.

मीमचे काम याहून निराळे असते आणि ते बहुधा तिसराच माणूस करतो. तो हिशेबाबद्दल काहीच बोलत नाही. तो सगळ्यांना हसवतो, आणि त्या हशात विचारणारा एकटा पडतो. त्याने प्रश्न पुन्हा लावून धरला, तर तो खडूस ठरतो. म्हणून पुष्कळदा माणूस स्वतःच एक हसरा चेहरा टाकून माघार घेतो. हा तडाखा उघड नकारापेक्षा जास्त लागतो, असे आम्हाला वाटते.

यात पडद्याचाही हात आहे. एका ओळीचा प्रश्न बोटभर जागा घेतो. स्टिकर पाच-सहा ओळींची जागा खातो. चार स्टिकर आले की छोट्या फोनवर प्रश्न वर सरकून दिसेनासा होतो. पुढे कधी ग्रुपमध्ये ‘कोटेशन’ हा शब्द शोधला, तर प्रश्न सापडतो, पण स्टिकरमध्ये हा शब्दच नसल्याने तो त्या शोधात येत नाही. तंटा वाढून चॅटची प्रत काढायची वेळ आली आणि ती मीडियाशिवाय काढली, तर अँड्रॉइड फोनवर सेक्रेटरींच्या नावापुढे एवढेच उरते: `<Media omitted>`.

पण चित्र पाठवणारा दर वेळी सुटतोच असे नाही. कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात २०२१ साली एका धान्य खरेदीदाराने शेतकऱ्याला जवसाच्या कराराचा फोटो पाठवून तो पक्का करायला सांगितले. शेतकऱ्याने अंगठ्याचे चिन्ह पाठवले. सुमारे ८६ टन जवस नोव्हेंबरात द्यायचे होते. दरम्यान भाव चढला आणि माल आला नाही. अंगठ्याचा अर्थ ‘कागद मिळाला’ इतकाच होता, असा शेतकऱ्याचा बचाव होता. न्यायालयाने आधीचे व्यवहार पाहिले. पूर्वी तो अशाच संदेशांना ‘ओके’, ‘यप’ असे उत्तर द्यायचा आणि माल पोहोचवायचा. त्यामुळे २०२३ मध्ये न्यायालयाने अंगठा म्हणजे संमती मानली आणि ८२ हजार कॅनेडियन डॉलरांहून अधिक भरपाई द्यायला लावली. अपील न्यायालयाने २०२४ मध्ये तोच निकाल कायम ठेवला. यावरून कोणतेही चिन्ह कुठेही करार ठरेल असे समजू नये. त्या दोघांच्या व्यवहाराची जुनी रीत न्यायालयाने जमेला धरली होती. सेक्रेटरींच्या जोडलेल्या हातांमागे अशी ठरलेली रीत नाही, म्हणून ते कशातच धरले जात नाहीत.

तेव्हा आमचा आक्षेप स्टिकरवर नाही. स्टिकर काढून टाकल्यावर मागे काय उरते, ते पाहावे. वर्गणीच्या संदेशात पाचशेचा आकडा उरतो; लिफ्टच्या प्रश्नापुढे काहीच उरत नाही. शिवाय उत्तर देणे कोणाचे काम आहे, यालाही महत्त्व आहे. मित्राने अवघड प्रश्नाला मीम टाकून बगल दिली, तर तो त्याचा अधिकार आहे. प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायला तो बांधील नाही. पैसे सांभाळणाऱ्या पदाधिकाऱ्याला ही सवलत नाही.

विचारणाऱ्याच्या हातातही थोडे असते. ‘हिशेबाचे काय झाले?’ अशा मोघम प्रश्नाला स्टिकर सहज खपतो. आकडा किंवा तारीख मागणाऱ्या प्रश्नाला तो विशोभित दिसतो. सकाळी मूळ प्रश्नालाच रिप्लाय करून, आवाज न चढवता लिहावे: ‘साहेब, कोटेशन एक होते की तीन? रविवारपर्यंत कळवा.’ पुन्हा हातच जोडलेले आले, तर ग्रुप सोडून कागदाकडे वळावे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार सभासदाला सर्वसाधारण सभेची आणि कार्यकारी समितीची इतिवृत्ते संस्थेच्या कार्यालयात पाहता येतात. कोटेशनचा विषय समितीपुढे आला असेल, तर त्याची नोंद तिथे हवी. अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी.