फोनमधलं ‘आई’ हे नाव बँकेला माहीत नसतं

2024 च्या दिवाळीआधीची गोष्ट आहे. तबूकला आमच्या कॅम्पात शटरिंगचं काम करणारे लातूरकडचे एक दादा आहेत. शुक्रवारची सुट्टी होती. जेवण झाल्यावर ते खाटेवर बसले, पेमेंट ॲप उघडलं आणि शोधायच्या जागी ‘आई’ असं लिहिलं. स्क्रीनवर ठळक अक्षरात ‘आई’ आलं. त्यांनी गावाकडच्या आपल्या खात्यातनं अठरा हजार रुपये टाकले, पिन दाबला, हिरवी खूण आली. संध्याकाळी धाकट्या भावाच्या फोनवर आईशी बोलणं झालं, तर ती म्हणाली, “पैसे? कुठं रे आले?”

आईचा तो फोन आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात बिघडला होता. नवीन घेतला नाही, सिमला रिचार्ज मारला नाही. मधल्या काळात दादा पैसे एक्सचेंजमधून थेट आईच्या खात्यावर पाठवायचे, त्यामुळे नंबर मेलाय हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. अठरा हजार गेले ते दुसऱ्या राज्यातल्या एका माणसाला. तो नंबर आता त्याचा होता.

कॅम्पात सगळे दादांना म्हणाले, “बघून टाकायचे ना!” मला ते पटलं नाही. दादांनी बघितलं होतं. स्क्रीनवर ‘आई’ लिहिलेलं होतं. माणसाने आणखी काय बघायचं? म्हणून हे ॲप आतमध्ये काय करतं ते आधी नीट समजून घेऊ.

आपण ॲपला कॉन्टॅक्ट वाचायची परवानगी देतो. ‘आई’ हे नाव आपण स्वतः फोनमध्ये भरलेलं असतं. ते बँकेकडून आलेलं नसतं. आपण नाव निवडलं की ॲप त्या नावामागचा दहा आकडी नंबर उचलतं. पुढच्या कामाला फक्त नंबर लागतो, नाव तिथंच संपतं.

मग ॲप आधी आपल्याच यादीत बघतं, की या नंबरचा माणूस आपल्याकडे आहे का. नसला तर एनपीसीआय, म्हणजे यूपीआय चालवणारी संस्था, तिच्या मध्यवर्ती वहीत विचारतं. या वहीला मॅपर म्हणतात. एका बाजूला फोन नंबर, दुसऱ्या बाजूला यूपीआयचा पत्ता, इतकंच त्यात असतं. पत्ता मिळाला की तो ज्यांनी दिलाय त्या बँकेकडे किंवा ॲपकडे विचारणा जाते: या पत्त्यावर कोण आहे? तिथून नाव येतं. हे सगळं पिन टाकायच्या आधी, दोन-चार सेकंदांत होतं. पिन टाकल्यावर समोरच्या बाजूकडून खाते नंबर आणि आयएफएससी घेतला जातो आणि पैसे तिथे पडतात. तो खाते नंबर आपल्याला दिसतच नाही.

म्हणजे सगळी भिस्त वहीतल्या त्या एका ओळीवर आहे. हा नंबर आज कुणाचा, हे ती ओळ सांगते. तो काल कुणाचा होता, हे ती सांगत नाही.

भारतात प्रीपेड सिम सलग 90 दिवस अजिबात वापरलं नाही तर कंपनी ते बंद करू शकते. बंद झाल्यावर निदान 90 दिवस तो नंबर दुसऱ्याला देत नाहीत. त्यानंतर तो नवीन ग्राहकाला मिळू शकतो. दोन्ही मिळून झाले सहा महिने. आता आपलं बघा. आपण इकडे दोन-दोन वर्षं असतो, गावाकडचं सिम पाकिटात पडलेलं असतं. घरी म्हाताऱ्यांचा फोन बिघडला तर तो दुरुस्त होईपर्यंत कुणी रिचार्ज मारत नाही. नंबर मरतात ते जास्त करून आपल्यासारख्यांचे. नवीन माणसाने तो नंबर घेतला, स्वतःच्या बँकेला दिला, यूपीआय चालू केलं की वहीतली ओळ त्याच्या नावावर झाली. त्याने काही चोरलं नाही, वहीनेही चूक केली नाही. आपल्या फोनमध्ये मात्र ‘आई’ तसंच राहिलं.

साइटवर कुणीतरी खडूने भिंतीवर केलेली खूण असते आणि सर्व्हेअरने दिलेली लेव्हल असते. खडूची खूण बघून स्लॅब टाकला तर इंजिनियर आपल्याला विचारतो. इथे मात्र ॲपनेच खडूची खूण मोठ्या अक्षरात दाखवली आणि लेव्हल बारीक अक्षरात खाली ठेवली. दादांच्या स्क्रीनवर खऱ्या माणसाचं नाव होतं. ‘आई’च्या खाली, फिकट रंगात, `Banking name` म्हणून. आम्ही नंतर पावती उघडली तेव्हा ते दिसलं.

2025 मध्ये एनपीसीआयने दोन नियम आणले, ते आपल्या कामाचे आहेत. पहिला 1 एप्रिलपासूनचा: बंद झालेल्या आणि दुसऱ्याला दिलेल्या नंबरांची यादी बघून बँकांनी आणि ॲपनी आठवड्यातून निदान एकदा आपली नोंद साफ करायची. दुसरा 30 जूनपासूनचा: पैसे पाठवायच्या आधी आणि व्यवहारांच्या यादीत बँकेच्या नोंदीतलं नावच दाखवायचं, आपण फोनमध्ये भरलेलं नाही.

पहिल्या नियमाने जुना माणूस वहीतून निघतो. पण नवीन माणूस रीतसर नोंद झाला असेल तर नंबर त्याच्याकडेच जाणार आणि ते बरोबरच आहे. त्यामुळे दादांसारखी चूक अडवायला एकच गोष्ट उरते, ती म्हणजे ते नाव. आणि नाव वाचायचं काम यंत्राचं नाही, आपलं आहे.

इथे आपली खरी अडचण येते. आपल्याला आपल्याच माणसांची बँकेतली नावं माहीत नसतात! घरी ज्याला बाळू म्हणतो तो बँकेत ज्ञानेश्वर असतो. वहिनींचं खातं माहेरच्या नावाने असतं. आईला सगळं गाव ‘माई’ म्हणतं, पासबुकात वेगळंच नाव असतं. म्हणून स्क्रीनवर अनोळखी नाव आलं तरी आपण म्हणतो, असेल तिचंच, आणि पिन दाबतो.

यावर मी स्वतः एक केलंय. ज्यांना पैसे पाठवतो त्यांच्या पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो मागवला आणि त्यावर जसं नाव आहे तसंच फोनमध्ये भरलं. ‘आई’ काढून टाकलं. मनाला बरं नाही वाटलं, पण आता वरचं नाव आणि बँकेचं नाव सारखं दिसतं. वेगळं दिसलं तर हात थांबतो. बऱ्याच दिवसांनी कुणाला पाठवायचे असतील तर आधी एक रुपया टाकतो आणि फोन करून विचारतो. हिरवी खूण आली म्हणजे पैसे कुणाला तरी मिळाले, एवढंच. आपल्या माणसाला मिळाले की नाही, ते तोच सांगू शकतो. मोठी रक्कम असेल तर नंबरच्या भानगडीत न पडता खाते नंबर आणि आयएफएससी टाकून पाठवतो.

नंबर आणि माणूस दोन्ही बरोबर असूनही पैसे भलत्या खात्यात जाऊ शकतात. माझ्या भावाची दोन बँकांत खाती आहेत. एकात कर्जाचा हप्ता कापला जातो. त्याने मध्ये नवीन ॲप घेतलं, घाईत काहीतरी दाबलं आणि त्याचा नंबर हप्त्याच्या खात्याला जोडला गेला. मी दवाखान्यासाठी पाठवलेले पैसे तिथे पडले आणि दुसऱ्या दिवशी हप्ता कापला. वहीत एका नंबरापुढे एकच पत्ता असतो. 2025 पासून असं जोडताना ॲपने तुमची स्पष्ट परवानगी घ्यायला हवी. पण परवानगीचा तो चौकोन न वाचता दाबणारेही आपणच.

आता उलट बाजू बघू. तुमचं स्वतःचं भारतातलं सिम मेलं आणि बँकेत तोच नंबर राहिला, तर नवीन माणसाच्या ॲपमध्ये तुमचं खातं दिसू शकतं, कारण यूपीआय नंबरावरूनच खाती शोधतं. कार्डाच्या किंवा आधारच्या तपशिलाशिवाय त्याला पिन लावता येत नाही, त्यामुळे पैसे लगेच जात नाहीत. पण ओटीपी त्याला जातील आणि तुम्हाला कुणी नंबरावर पैसे पाठवले तर तेही त्यालाच मिळू शकतात. म्हणून नंबर सोडायच्या आधी बँकेत बदला. एनआरई किंवा एनआरओ खातं असेल तर 2023 पासून +966 च्या नंबरावरही यूपीआय घेता येतं, फक्त तुमची बँक आणि ॲप ते देतात का ते विचारा. इकडेही तसंच आहे. `sarie` मध्ये मोबाइल नंबर बँक खात्याला जोडला असेल तर फायनल एक्झिटच्या आधी तो काढून टाका, कारण तुमच्यानंतर तो नंबर कुणाला मिळेल ते आपल्या हातात नाही.

चूक झालीच तर त्याच दिवशी ॲपमध्ये आणि आपल्या बँकेत लेखी तक्रार करा, व्यवहाराचा यूटीआर नंबर द्या. समोरच्याच्या संमतीशिवाय बँक पैसे ओढून परत आणत नाही. 30 दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते, ती इथून फोनवरूनही होते. दादांना दोन महिन्यांनी बारा हजार परत मिळाले. समोरचाही रोजंदारीवरचाच माणूस होता, त्याने बाकीचे खर्चले होते. सहा हजार अजून येणे आहेत.

माझं एकच म्हणणं आहे. दादांनी त्याच नंबरावर आधी आईला पैसे पाठवले होते, तेव्हा बँकेकडून आईचं नाव आलं होतं, आणि ते ॲपकडे जमा होतं. या वेळी दुसरंच नाव आलं. दोन नावं वेगळी आहेत हे ओळखायला यंत्राला क्षणही लागत नाही. अशा वेळी ॲपने पिन मागायच्या आधी थांबून मराठीत विचारावं: “मागच्या वेळी या नंबरावर वेगळं नाव होतं. हाच माणूस आहे का?” हे सगळ्या ॲपना सक्तीचं करावं, अशी मागणी आपल्या संघटनांनी एनपीसीआयकडे लावून धरायला पाहिजे. दिवसभर उन्हात राबलेल्या माणसाने बारीक फिकट अक्षर वाचलं नाही, म्हणून त्याची दिवाळी जाऊ नये.

तोपर्यंत या शुक्रवारी घरी फोन करा आणि पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो मागवा.