सकाळी डोकं, रात्री घोरणं: शेजारी झोपणाऱ्यांना आवाहन

घरात कुणी उठल्या उठल्या डोकं धरून बसत असेल आणि तीच व्यक्ती रात्री जोरात घोरत असेल, तर आज रात्री थोडं जागं राहून तिचा श्वास ऐका. हे आम्ही मुद्दाम शेजारी झोपणाऱ्यांना सांगतो आहोत. झोपेत श्वास थांबतो, हे ज्याचा थांबतो त्याला सहसा कळतच नाही.

घोरण्याचा आवाज चढत जातो आणि अचानक बंद होतो. आपल्याला वाटतं, लागली एकदाची शांत झोप. पण छाती-पोट हलत असतं आणि नाकातोंडातून हवा मात्र जात नसते, कारण घशाचे सैल पडलेले स्नायू आत चिकटून वाट बंद झालेली असते. १० सेकंद, २० सेकंद, कधी त्याहून जास्त. मग एक मोठा हुंदका, कूस बदलणं आणि पुन्हा घोरणं. हाच स्लीप ॲप्निया. मोबाइलवर दोन-तीन मिनिटं चित्रित करून ठेवा. डॉक्टरांना दहा वाक्यांतून जे कळणार नाही, ते त्यातून कळतं.

यातलं डोकं दुखणं ओळखता येतं. जाग येते तेव्हाच ते असतं, बहुधा दोन्ही बाजूंनी, दाबल्यासारखं, आणि चार तासांच्या आत आपोआप ओसरतं. महिन्यातले निम्म्याहून जास्त दिवस ते होतं. मळमळ किंवा उजेडाचा त्रास सहसा नसतो. तो असेल तर अर्धशिशीचा विचार आधी करावा लागतो. रात्री ऑक्सिजन उतरणं, कार्बन डायऑक्साइड साचणं, झोप पुन्हा पुन्हा मोडणं, यांपैकी नेमकं कशाने डोकं दुखतं याबद्दल तज्ज्ञांत अजून एकमत नाही.

उदाहरणार्थ, जुन्नरहून वाशी मार्केटला भाजी नेणारा ५२ वर्षांचा एक टेम्पोचालक घ्या. रोज डोकं जड. घरचे म्हणतात पित्त आहे, रात्री उशिरा जेवतोस म्हणून. चहा आणि गोळी घेतली की दहापर्यंत बरं वाटतं आणि श्रेय गोळीला जातं, खरं तर ते तसंही थांबलंच असतं. अशी साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, महिनोन्‌महिने घेतली, तर गोळीचीच वेगळी डोकेदुखी मागे लागू शकते.

आता त्याला दवाखान्यात विचारतात ते प्रश्न विचारू. बंद दाराबाहेर ऐकू जाईल इतकं घोरतो का? हो. दिवसा पेंगतो? घाटात डोळा लागला होता, म्हणजे हो. श्वास थांबताना कुणी पाहिलाय? बायकोने. रक्तदाब? गोळ्या चालू आहेत. वय ५० च्या वर, मान ४० सेंटिमीटरहून जाड आणि पुरुष. आठवा प्रश्न अति लठ्ठपणाचा, त्याला तेवढं 'नाही'. आठपैकी सात. तीन 'हो' आले तरी तपासणीचा विचार करायचा असतो. पाच किंवा जास्त म्हणजे धोका मोठा.

बायकांनी मात्र या गुणांवर विसंबू नये. त्या घोरण्याची तक्रार कमी करतात. थकवा, तुटक झोप आणि सकाळचं डोकं एवढंच सांगतात, आणि ते घरकामाच्या खाती जातं. पाळी गेल्यानंतर हा धोका वाढतो.

तपासणीला स्लीप स्टडी म्हणतात. छातीला पट्टा, नाकाशी नळी, बोटाला चिमटा लावून एक रात्र झोपायचं. अनेकांना हे घरीही करता येतं. तासाला श्वास किती वेळा थांबला किंवा अपुरा पडला, ते मोजतात. पाचपेक्षा कमी असेल तर सामान्य, ३० आणि पुढे तीव्र. घरच्या चाचणीत काही निघालं नाही, पण लक्षणं ठळक आहेत, तर तिथे थांबू नका; प्रयोगशाळेतली पूर्ण चाचणी मागा. आपल्या चालकाचा आकडा ३८ आला असं धरा. त्याला रात्री मास्कमधून हवेचा दाब देणारं सीपॅप यंत्र लागेल. ते नियमित वापरूनही डोकं दुखतच राहिलं, तर दुसरं कारण शोधायला हवं.

स्टेअरिंगवर डुलकी येत असेल, श्वास थांबताना दिसला असेल किंवा तीन-चार औषधांनीही रक्तदाब आटोक्यात येत नसेल, तर याच आठवड्यात फिजिशियन, छातीविकार किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांना गाठा. तोवर गाडी दुसऱ्याच्या हाती द्या. रात्रीची दारू बंद, आणि स्वतःच्या मनाने झोपेची गोळी तर मुळीच नको. दोन्हींनी घसा आणखी सैल पडतो.

डोकं अचानक, कधी नव्हे इतकं दुखलं, सोबत उलट्या, ताप, नजर धूसर होणं, बोलणं अडखळणं किंवा हातापायात कमजोरी असली, तर स्लीप स्टडीची वेळ घेत बसू नका. थेट रुग्णालयात न्या, किंवा १०८ ला फोन करा.