‘सगळं ठीक आहे सर’ म्हणणाऱ्या टीमचं रेट्रोस्पेक्टिव्ह कसं घ्यायचं?

स्प्रिंटच्या व्हिडिओनंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला. "सर, दोन आठवड्यांचे स्प्रिंट सुरू केले, शेवटी रेट्रोस्पेक्टिव्हला बसतोही, पण कोणी बोलतच नाही." आज त्यावरच लिहितो, कारण या बाबतीत मी स्वतः चांगलाच आपटलोय.

नवीन वाचकांसाठी दोन ओळीत सांगतो. स्प्रिंट म्हणजे ठरावीक दिवसांचा कामाचा टप्पा. तो संपला की टीम एकत्र बसते आणि माल किती गेला हे न बघता आपण काम कसं केलं हे बघते. काय जमलं, काय अडलं आणि पुढच्या टप्प्यात काय बदलायचं, एवढंच. हे रेट्रोस्पेक्टिव्ह. पद्धत सॉफ्टवेअरवाल्यांची, स्क्रमची आहे. एक महिन्याच्या स्प्रिंटला यासाठी जास्तीत जास्त तीन तास द्यावेत असं स्क्रम गाईड सांगतं. दोन आठवड्यांचा स्प्रिंट आणि पाच-सहा माणसं असतील तर आमचं सव्वा तासात होतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. गप्प बसणारी टीम घाबरट नसते, हिशेबी असते. खरं बोललो तर मला काय पडेल आणि गप्प बसलो तर काय पडेल, हा हिशेब प्रत्येक जण मनात करतो. तुम्ही कितीही वेळा "मोकळेपणाने बोला" म्हणालात तरी तो हिशेब बदलत नाही. बैठकीची मांडणी बदलली तर बदलतो.

सतरा जोड आणि एक फोन

आमचं शाळेच्या युनिफॉर्मचं दुकान. ऑनलाईन ऑर्डरसाठी पाच जणांची टीम आहे. दोन डेव्हलपर मुलं, ऑर्डर आणि शाळांच्या याद्या बघणारी एक मुलगी, पॅकिंगचे काका आणि हिशेबाच्या ताई. मे महिन्यातला स्प्रिंट होता. पहिल्याच आठवड्यात गुरुवारी रात्री मी एका डेव्हलपरला फोन केला. "पालकांना साईज कळत नाही रे. इयत्ता निवडली की साईज आपोआप भरली गेली पाहिजे. शनिवारपर्यंत होईल ना?" तो म्हणाला, "होतंय सर."

शनिवारी ते सुरू झालं. त्यानंतरच्या शनिवारी रेट्रोस्पेक्टिव्हला मी विचारलं, "काही अडचण?" सगळे म्हणाले, "नाही, सगळं ठीक आहे." चहा झाला, वीस मिनिटांत उठलो. सोमवारी काउंटरवर पालकांची रांग लागली. पाचवीतल्या सगळ्या मुलांना एकच साईज कशी बसेल? एकाला 26 लागते, दुसऱ्याला 32. सतरा जोड बदलून द्यावे लागले, ऐन सीझनच्या तोंडावर.

खरा धक्का पुढे बसला. पॅकिंगचे काका म्हणाले, "मालक, मला तर मागच्या सोमवारीच दिसलं होतं. एका वर्गाच्या सगळ्या पिशव्यांत एकच नंबर." म्हणजे काकांना कळल्यापासून मला कळेपर्यंत सात दिवस गेले आणि मधे एक रेट्रोस्पेक्टिव्हही होऊन गेलं. "मग बोलला का नाहीत काका?" तर म्हणाले, "तुम्हीच सांगितलेलं काम होतं ना."

विषय इथे संपला. चूक माझी होती आणि बैठक चालवणाराही मीच होतो. अशा ठिकाणी कोण तोंड उघडेल?

आधी मोजा, मग बोला

पुण्यात आयटी कंपनीत स्क्रम मास्टर असलेल्या मित्राला फोन केला. त्याने पहिली गोष्ट सांगितली ती म्हणजे सेफ्टी चेक. बैठकीच्या सुरुवातीला प्रत्येकाला एकसारखी चिठ्ठी आणि एकसारखा पेन द्यायचा. नाव न लिहिता एक ते पाचमधला आकडा लिहायचा. पाच म्हणजे आज मी काहीही बोलू शकतो. तीन म्हणजे काही बोलेन, काही पोटात ठेवेन. एक म्हणजे नुसती मान डोलवीन.

पुढच्या रेट्रोस्पेक्टिव्हला तेच केलं. चिठ्ठ्या गोळा केल्या हिशेबाच्या ताईंनी. आकडे आले 2, 2, 3, 1, 2. हाच प्रश्न मी तोंडी विचारला असता तर पाचही जणांनी पाच सांगितले असते!

इथे मालक दोन चुका करतो. पहिली, "एक कोणी लिहिला?" असं हसत हसत विचारतो. तुम्ही हसत असलात तरी समोरच्याला घाम फुटतो. दुसरी, आकडे वाचूनही बैठक नेहमीसारखीच पुढे नेतो. आमचा नियम असा की निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांवर तीन किंवा त्याहून कमी असेल, तर पहिला अर्धा तास मालक खोलीत थांबत नाही. त्या दिवशी मी खाली काउंटरवर जाऊन बसलो. स्क्रमप्रमाणे पूर्ण टीम हजर हवी, आणि कामाची यादी ठरवणारा म्हणून मीही टीममध्येच मोडतो. पण पगार देणाराही मीच आहे, म्हणून ही तडजोड.

तो अर्धा तास

मी नसताना ताईंनी भिंतीवर दोन आठवड्यांच्या तारखा लावल्या. मग दहा मिनिटं कोणीही बोलायचं नाही, प्रत्येकाने फक्त लिहायचं. त्यातही मत लिहायचं नाही, घडलेली गोष्ट लिहायची. ‘मालक ऐकत नाहीत’ हे मत झालं. ‘बुधवारी दुपारी नवीन काम आलं, हातातलं थांबलं’ ही घटना झाली. घटनेवर वाद कमी होतो आणि लिहिणाऱ्यालाही ती सोपी जाते.

आधी लिहायचं का? कारण बोलून सुरुवात केली की पहिला जो बोलतो त्याच्या मागे बाकीचे जातात. आमच्याकडे पहिला नेहमी मीच असायचो.

पाच जणांत नाव लपवणं अवघड असतं, हे मान्य करा. अक्षर ओळखू येतं. आमची मुलं इंग्रजीत लिहितात आणि काका मराठीत, त्यामुळे भाषेवरूनही कळतं. म्हणून सगळ्यांच्या चिठ्ठ्या ताई आपल्या अक्षरात मराठीत बोर्डवर उतरवतात, सारख्या गोष्टी एका खाली एक मांडतात आणि मूळ चिठ्ठ्या मला बोलवायच्या आधीच फाडतात.

मी वर गेलो तेव्हा बोर्डवर अकरा नोंदी होत्या. त्यातल्या सहा एकाच गोष्टीच्या होत्या. स्प्रिंट सुरू असताना मालकाचा फोन येतो आणि नाही म्हणता येत नाही.

खरं सांगू? माझ्या तोंडावर उत्तर तयार होतं. "अरे, पण सीझन आहे, पालक विचारतात, मी तरी काय करू?" हे वाक्य तोंडातून गेलं असतं, तर पुढच्या वेळी बोर्ड कोरा राहिला असता. म्हणून दुसरा नियम. बोर्ड वाचल्यावर पहिली दहा मिनिटं मालकाने सफाई द्यायची नाही. "समजलं, धन्यवाद" एवढंच म्हणायचं आणि वहीत उतरवून घ्यायचं. या दहा मिनिटांत सगळे तुमचा चेहरा वाचत असतात.

एकच बदल, पण दिसणारा

अकरा नोंदींवर अकरा उपाय काढू नका. आम्ही एकच काढला. काउंटरवर एक वही ठेवली. स्प्रिंटच्या मधे मला काही सुचलं तर ते वहीत लिहायचं. थेट डेव्हलपरला फोन नाही. ऑर्डर बघणारी मुलगी सोमवारी सकाळी वही उघडते आणि टीम ठरवते की हे आत्ता घ्यायचं की पुढच्या स्प्रिंटला. आत्ता घेतलं तर यादीतलं तेवढंच दुसरं काम बाहेर. वही पाळायची जबाबदारी माझ्या नावावर लिहिली आणि पुढचं रेट्रोस्पेक्टिव्ह त्याच वहीपासून सुरू केलं. दोन आठवड्यांत मी नऊ गोष्टी लिहिल्या होत्या. टीमने दोन घेतल्या. उरलेल्या सातपैकी चार आता मलाच नको होत्या!

माझ्या मते टीमचं तोंड उघडतं ते इथे. आपण लिहिलं आणि मालकाची सवय बदलली, हे त्यांना डोळ्यांनी दिसलं. यापेक्षा मोठा भरवसा कुठल्याही समोसा पार्टीने मिळत नाही.

कुठे फसतं?

चिठ्ठीवरची गोष्ट नंतर पगारवाढीच्या वेळी काढलीत तर खेळ संपला. "तेव्हा तूच लिहिलं होतंस ना काम जमलं नाही" हे एकदा जरी म्हणालात, तरी आयुष्यभर चिठ्ठीवर ‘सगळं ठीक’च येईल. दुसरं, पगाराची तक्रार किंवा एखाद्याच्या वागण्याची तक्रार या बैठकीत सोडवू नका. ती एकेकट्याशी बसून बोलायची गोष्ट आहे.

तिसरं म्हणजे, बोलणं सुरू झालं की चुका वाढल्यासारख्या वाटतात. घाबरू नका. एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधक बाईंनी रुग्णालयातल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला होता, तो 1996 साली प्रसिद्ध झाला. ज्या टीम चांगल्या चालत होत्या, त्यांच्या नोंदीत चुका जास्त दिसल्या. त्यातून त्यांनी असा अर्थ काढला की त्या टीम चुका जास्त करत नसाव्यात, तर उघड बोलत असाव्यात. आमच्याही बोर्डवर आधी शून्य नोंदी असायच्या, मग अकरा झाल्या.

मग सुधारणा कशी ओळखायची? सेफ्टी चेकच्या आकड्यावर एकट्यावर विसंबू नका, तो तुम्हाला खूश करायलाही वाढू शकतो. मी एकच गोष्ट बघतो. वाईट बातमी टीममधल्या पहिल्या माणसाला कळल्यापासून माझ्यापर्यंत यायला किती वेळ लागला? साईजच्या वेळी सात दिवस लागले होते. परवा एका शाळेच्या शर्टाच्या खिशावर चुकीचा लोगो आला. काका पिशवी घेऊनच काउंटरवर आले. "मालक, हे बघा, पुढचा गठ्ठा फोडू नका." गठ्ठा सकाळी आला होता आणि मला जेवणाच्या सुट्टीआधी कळलं.

आणि सहा महिन्यांनीही तुमच्या टीमला चिठ्ठी लागतेच, तुम्हाला खोलीबाहेर बसावंच लागतं, तर टीम बदलायचा विचार करू नका. आरशात बघा. चिठ्ठी ही कुबडी आहे, पाय बरा झाला की ती सुटायला हवी. आमची अजून पूर्ण सुटलेली नाही. मागच्या वेळचे आकडे 4, 3, 4, 3, 4 होते. निम्म्याहून जास्त चार, म्हणून मी खोलीत बसलो. पहिली दहा मिनिटं मात्र अजूनही तोंड बंद ठेवूनच.