गृहकर्जाच्या भेटीआधी कागदपत्रांची लेखी यादी मिळावी

प्रति,
मा. शाखाधिकारी आणि गृहकर्ज अधिकारी,
ग्लासगो

विषय : कर्जाच्या चर्चेसाठी भेटीची वेळ आणि आणायच्या कागदपत्रांची यादी यांबाबत आमच्या मंडळाच्या मागण्या

महोदय,

ग्लासगो आणि परिसरातील मराठी कुटुंबांच्या आमच्या मंडळाच्या सभेत हे मागणीपत्र मंजूर झाले असून इंग्रजी प्रतीसह ते आपल्याकडे पाठवीत आहोत. कर्ज द्यायचे की नाही, हा सर्वस्वी आपला निर्णय आहे आणि त्यात आम्हाला सवलत नको. आमचे म्हणणे त्याच्या आधीच्या पायरीबद्दल आहे. आमचे सभासद भेटीची वेळ मागणारे पत्र लिहितात. उत्तरात तारीख येते आणि सोबत ‘ओळखपत्र व उत्पन्नाचा पुरावा आणावा’ एवढे एक वाक्य. रजा टाकून माणूस शाखेत जातो, तेव्हा तिथे तिसराच कागद मागितला जातो आणि पुढची भेट तीन आठवड्यांनी मिळते.

स्कॉटलंडमध्ये हे तीन आठवडे फार महागात पडतात. इथे घर विकायला निघते ते होम रिपोर्टसह. त्यातले मूल्यांकन सगळ्यांसमोर असते, बोली मात्र बंद असते. इच्छुक पुरेसे जमले की विकणाऱ्याचा सॉलिसिटर क्लोजिंग डेट जाहीर करतो आणि त्या दिवशी ठरलेल्या वेळेपर्यंत ज्यांची बोली पोचली, तेवढ्यांचाच विचार होतो. बँकेची तत्त्वतः मंजुरी हातात नसेल तर घेणाऱ्याचा सॉलिसिटर बोली पुढे सरकवायला कचरतो, आणि त्याचे ते बरोबरच आहे.

एक उदाहरण मांडतो. डेनिस्टनमधल्या एका फ्लॅटचे होम रिपोर्टमधले मूल्यांकन १,८०,००० पौंड आहे. एका जोडप्याला तो १,९०,००० ला घ्यावा लागेल. बँक ९० टक्के कर्ज देते असे धरू, पण ते मूल्यांकनावर, म्हणजे १,६२,०००. उरलेले २८,००० पौंड रोख हवेत, कारण मूल्यांकनाच्या वरचे १०,००० कोणतीही बँक मोजत नाही. हे त्यांचे पहिलेच घर असल्याने खरेदीवरचा स्कॉटिश कर १,७५,००० च्या वरच्या रकमेवर २ टक्के, म्हणजे ३०० पौंड. सॉलिसिटरची फी वेगळी. रोख लागणाऱ्या रकमेतले १५,००० पौंड साताऱ्याहून पतीचे वडील देणार आहेत. नोकरी इथली, पगार इथला, कर इथला. तरी अडते ते नेमके या १५,००० वर.

म्हणून पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी : भारतातून येणाऱ्या भेटरकमेसाठी काय काय लागेल, ते भेटीच्या आधी लेखी कळवावे. आम्हाला कळते त्याप्रमाणे आपल्याला तीन गोष्टी पटवून घ्यायच्या असतात. ही रक्कम परत करायची नाही आणि घरात वडिलांचा हिस्सा नाही, हे वडिलांच्या सहीच्या पत्राने कळते. पैसा त्यांचाच आहे, हे त्यांच्या पासबुकातून किंवा खाते उताऱ्यातून कळते; मुदत ठेव मोडली असेल तर ती मोडल्याची नोंद दिसली पाहिजे. आणि तोच पैसा इथे आला, हे भारतातल्या बँकेच्या परदेशी पाठवणीच्या पावतीवरून आणि मुलाच्या इथल्या खात्यातल्या जमेवरून जुळते. भारताच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार तिथल्या रहिवाशाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, तेव्हा १५,००० पौंडांत नियमबाह्य काही नाही. पण वडिलांनी जमीन विकली असेल, तर खरेदीखत मराठीत असते. त्याचे प्रमाणित भाषांतर करून घ्यायला दिवस लागतात. ते हवे असल्याचे भेटीच्या टेबलावर कळून उपयोग काय?

नावांचा प्रश्न याच धाग्यातला. वडिलांच्या खात्यावर आडनाव आधी असते. सुनेच्या पासपोर्टवर पतीचे नाव मधे असते, पगारपत्रकावर नसते, आणि तिचे जुने खाते माहेरच्या नावाचे असते. विवाह नोंदणीचा दाखला पुरेल की शपथपत्र लागेल, एवढे यादीत एका ओळीत लिहिता येईल.

दुसरी मागणी व्हिसाच्या पुराव्याची. प्लास्टिकची रहिवास कार्डे बहुतांशी ३१ डिसेंबर २०२४ ला संपली आणि आता ई-व्हिसा आहे, तरीही ‘कार्ड आणा’ असे सांगितले जाते. आपल्याला शेअर कोड हवा असेल तर तसे लिहावे आणि कोणता तेही लिहावे. GOV.UK वर कोड घेताना कारण निवडावे लागते. नोकरीसाठी काढलेला कोड W ने सुरू होतो आणि तो मालकालाच चालतो. बँकेसाठी ‘इतर’ कारण निवडून S ने सुरू होणारा कोड घ्यावा लागतो. तो ९० दिवस चालतो. हे ठाऊक नसल्याने सभासद चुकीचा कोड छापून नेतात आणि भेट वाया जाते.

तिसरी मागणी : यादीत प्रत्येक कागदासमोर त्याचा काळ आणि स्वरूप असावे. पगारपत्रके किती महिन्यांची, खाते उतारा ॲपमधला फोटो चालेल की नाव, खाते क्रमांक आणि तारखा असलेली पूर्ण पीडीएफ हवी, स्वतंत्र व्यवसाय असेल तर किती वर्षांचे करहिशेब. भेटीत पतनोंदीची तपासणी होणार असेल आणि तिची खूण नोंदीवर राहणार असेल, तर ती करण्याआधी संमती घ्यावी.

चौथी मागणी : होम रिपोर्ट हातात असलेल्या अर्जदाराला पाच कामकाजी दिवसांत वेळ मिळावी, आणि कागद अपुरा निघाल्यास तो ईमेलने घेऊन तीच भेट पुढे चालू धरावी.

आमच्याकडून आम्ही सभासदांना नेमके पत्र लिहायला लावू. नमुना असा :

‘महोदय, आम्हा दोघांना ग्लासगोमध्ये पहिले घर घेण्यासाठी १,६२,००० पौंडांच्या कर्जाबाबत भेट हवी आहे. पती कुशल कामगार व्हिसावर, पत्नी आश्रित व्हिसावर, दोघेही पगारदार. होम रिपोर्टचे मूल्यांकन १,८०,००० पौंड. स्वतःची बचत आहे, शिवाय १५,००० पौंड वडिलांकडून भारतातून भेट. मंगळवार किंवा गुरुवारी दुपारी चारनंतर येऊ शकतो. सोबत आणत आहोत : पासपोर्ट, शेअर कोड, पत्त्याचा पुरावा, तीन महिन्यांची पगारपत्रके व खाते उतारे, शेवटचा पी-६०, वडिलांचे भेटपत्र व त्यांचा खाते उतारा. याखेरीज काही लागत असल्यास भेटीआधी कळवावे.’

मतदारयादीत नाव घालण्याचेही आम्ही सभासदांना सांगत आहोत. वैध रहिवास असलेले भारतीय नागरिक राष्ट्रकुलाच्या नात्याने इथे नाव नोंदवू शकतात, आणि पत्त्याची पडताळणी त्यामुळे सोपी होते. कित्येकांना हे माहीतच नसते.

ब्रिटनच्या वित्तीय नियामकाचा ग्राहककर्तव्याचा नियम ३१ जुलै २०२३ पासून लागू आहे. ग्राहकाला समजेल आणि वेळेवर उपयोगी पडेल अशी माहिती देणे त्यात बँकेवर बंधनकारक आहे. आमच्या चारही मागण्या त्याच चौकटीत बसतात आणि त्यांसाठी कर्जाचा एकही निकष सैल करावा लागत नाही.

या पत्राचे लेखी उत्तर तीस दिवसांत द्यावे आणि यादीचा मसुदा ठरवण्यासाठी मंडळाच्या दोन प्रतिनिधींना आपल्या गृहकर्ज अधिकाऱ्यांची एक भेट द्यावी, ही विनंती.

आपले,
मंडळाच्या कार्यकारिणीच्या वतीने, ग्लासगो