दीड तासात, आधी सांगून

गल्लीच्या तोंडाशी मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. मालक परवा म्हणाला, "सर, रिक्षावर वाजवायला तीस सेकंदांचं काहीतरी लिहून द्या ना." मुद्दे त्याने बिलाच्या मागे लिहून ठेवले होते: अर्ध्या तासात मोबाइल तयार, फुल वॉरंटी, सर्वांत कमी रेट.

तीस सेकंदांत, श्वास घेत बोललं तर, साठेक शब्द बसतात. ते वाया जायला नकोत म्हणून दुपारभर काउंटरपाशी स्टूल टाकून बसलो.

तेवढ्यात एक जण फुटलेली स्क्रीन घेऊन आला. दुकानातल्या पोराने फोन गरम प्लेटवर ठेवला, डिंक सैल झाल्यावर जुना फोल्डर सोडवला, नवा जोडून चिकटवण्याआधीच टच तपासला. पंचवीस मिनिटं. मग मात्र फोनला रबरबँड गुंडाळून बाजूला ठेवला. डिंक धरायला आणखी तासभर हवा. घाईत दिला तर कडा उचलतात आणि आत धूळ जाते. म्हणजे 'अर्धा तास' हा पोराचा, गिऱ्हाइकाचा दीड. पाण्यात पडलेल्या फोनला तर वेळ सांगताच येत नाही. बोर्डावर गंज किती चढलाय ते उघडल्यावरच कळतं.

रेटचंही तसंच. त्याच फोनसाठी अठराशेचा कॉपी फोल्डर होता आणि बेचाळीसशेचा ओएलईडी. दुकानात दोन्ही सारखेच चकाकतात. अंधारात काळा फोटो उघडला की स्वस्तातला राखाडी उजळतो आणि स्क्रीनमधलं बोटाचं लॉक त्याच्यावर चालत नाही. गिऱ्हाइकाला हे घरी गेल्यावर कळलं की भांडण ठरलेलं. मालकाला 'अठराशेपासून' म्हणायचं होतं. तो 'पासून' मी खोडला.

'फुल वॉरंटी' म्हणजे काय, विचारलं. टच गेला किंवा आपोआप रेघ आली तर तीन महिने. पडला, भिजला तर नाही. मग असंच लिहू या, म्हटलं.

शेवटी हे उतरलं:

"मोबाइलची स्क्रीन फुटली? दीड तासात नवी बसवून देऊ. साधी केवढ्याला, भारी केवढ्याला, फरक काय, ते आधी सांगू. तुम्ही हो म्हटल्यावरच फोन उघडू. जुनी स्क्रीन तुमच्या हातात देऊ. टच बंद पडला, आपोआप रेघ आली, तर तीन महिने फुकट बदलून. फोन पुन्हा पडला, पाण्यात गेला, तर मात्र पैसे पडतील."

शेवटच्या वाक्यावर मालक अडला. "सर, जाहिरातीत 'पैसे पडतील'?" मी म्हटलं, काउंटरवर रोज हेच सांगतोस की. कुरकुरत कबूल झाला.

रविवारी रिक्षा आमच्या इमारतीखालून गेली. खिडकी उघडेपर्यंत ती वळणावर पोचली होती. कानावर आलं ते एवढंच: "...पाण्यात गेला, तर मात्र पैसे पडतील."