शब्द बदलले, खुणा राहिल्या

‘ब्रेस्ट कॅन्सर’ऐवजी ‘बुझम पेरिल’, म्हणजे उराशी आलेले संकट. ‘किडनी फेल्युअर’ऐवजी ‘किडनी डिसअपॉइंटमेंट’, म्हणजे मूत्रपिंडाची निराशा. दुधातील साखर न पचण्याच्या ‘लॅक्टोज इनटॉलरन्स’ला तर ‘लॅक्टोज बिगट्री’, म्हणजे लॅक्टोजविषयीची कट्टरता. हे विनोद नाहीत. छापून आलेल्या इंग्रजी शोधनिबंधांत अशा शब्दजोड्या खरोखर सापडल्या आहेत.

फ्रान्समधील संगणकशास्त्रज्ञ गियोम काबानाक व सिरिल लाबे आणि रशियातील अलेक्झांडर मागाझिनोव्ह यांनी २०२१ मध्ये त्यांकडे लक्ष वेधले आणि त्यांना ‘टॉर्चर्ड फ्रेजेस’, म्हणजे पिळवटलेले शब्दप्रयोग, असे नाव दिले. संगणक क्षेत्रातील एका नियतकालिकात ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ला ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’, म्हणजे बनावट जाणीव, म्हटलेले त्यांना आढळले. त्या धाग्यावरून शोध घेताना शेकडो संशयास्पद निबंध हाती लागले.

हे शब्द येतात कुठून? वाङ्मयचौर्य पकडणारी सॉफ्टवेअर शब्दांच्या सलग ओळी जुळतात का, ते पाहतात. त्यांना चकवण्यासाठी मजकूर शब्दांतर करणाऱ्या साधनात घातला जातो. साधे साधन प्रत्येक शब्द सुटा घेते आणि समानार्थी शब्दांच्या यादीतून दुसरा उचलते. ‘फेल्युअर’चा एक अर्थ अपयश, अपयशाच्या जवळची निराशा, म्हणून ‘डिसअपॉइंटमेंट’. मूत्रपिंड निराश होत नाही, हे त्या यादीला ठाऊक नसते. मराठीत हाच प्रयोग केला तर ‘हृदयविकाराचा झटका’ हा ‘काळीजविकृतीचा हिसका’ होईल आणि ‘रक्तदाब’ हे ‘रुधिरदडपण’.

आता ‘ह्युमनायझर’ नावाची साधने आली आहेत. चॅटजीपीटीसारख्या साधनाने लिहिलेला मजकूर माणसाने लिहिल्यासारखा करून देण्याचा त्यांचा दावा असतो. यंत्रलेखन ओळखणारी अनेक सॉफ्टवेअर पुढचा शब्द किती अपेक्षित आहे, हे मोजतात. सारेच शब्द फार अपेक्षित असतील तर संशय वाढतो. म्हणून ह्युमनायझर मुद्दाम कमी अपेक्षित शब्द पेरतो. पण वैद्यकीय संज्ञा अपेक्षित असणे हाच तिचा गुण आहे. ‘रक्त’ वाचल्यावर ‘दाब’ येईल असे वाटते, कारण सगळे डॉक्टर तो शब्द एकाच अर्थाने वापरतात. ती जोडी तोडली की तपासणी कदाचित चुकवता येते, पण मागे अशी जोडी उरते जी त्या विषयातला कोणीही माणूस लिहिणार नाही. लपण्याची युक्तीच खूण ठरते.

काबानाक यांचा ‘प्रॉब्लेमॅटिक पेपर स्क्रीनर’ याच खुणेवर चालतो. अशा शब्दजोड्यांची यादी करून तो प्रसिद्ध निबंधांत त्या शोधतो आणि सापडलेले निबंध माणसांच्या तपासणीसाठी पुढे ठेवतो. ही शेवटची पायरी महत्त्वाची आहे. एखादा विचित्र शब्द कच्च्या भाषांतरातूनही येतो, आणि इंग्रजी मातृभाषा नसलेल्या प्रामाणिक संशोधकाकडूनही. म्हणून एका शब्दावरून कोणाला दोषी ठरवता येत नाही. एकाच निबंधात अशा अनेक जोड्या असतील, किंवा एकच संज्ञा एका परिच्छेदात नेहमीसारखी आणि दुसऱ्यात वेगळी असेल, तर संशयाला वजन येते.

शिवाय ही युक्ती सर्वत्र पुरणारी नाही. नवी साधने संपूर्ण वाक्य समजून बदलतात आणि प्रचलित संज्ञांना बहुधा हात लावत नाहीत. तिथे ‘बुझम पेरिल’सारखी ढोबळ चूक मिळेलच असे नाही.

मात्र न दिसणारी चूक जास्त घातक असते. संख्याशास्त्रात ‘सिग्निफिकंट’ फरक म्हणजे केवळ योगायोगाने पडण्याची शक्यता कमी असलेला फरक. तो आकाराने किरकोळही असू शकतो. साधनाने तिथे ‘प्रचंड’ अशा अर्थाचा शब्द घातला, तर औषधाचा जेमतेम उपयोग मोठा गुण वाटू लागेल. वाक्य सुरळीत राहील, म्हणून कोणी थांबणारही नाही. दुसरा तोटा शोधाचा. एखाद्या उपचारावरचे सारे निबंध गोळा करणारा डॉक्टर ‘ब्रेस्ट कॅन्सर’ हेच शब्द टाकतो. ‘बुझम पेरिल’वाला निबंध त्याला सापडत नाही आणि त्यातील आकडे खोटे असले, तर ते तपासलेही जात नाहीत.

सामान्य वाचकालाही ही कसोटी वापरता येते. आरोग्यविषयक मजकुरात आजाराचे नाव, तपासणीचे नाव आणि मोजमापाची संज्ञा पाहावी. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर किंवा तपासणीच्या अहवालात असते तेच नाव तिथे आहे का? चांगला लेखक वाक्ये हवी तशी फिरवतो, पण आजाराचे नाव बदलत नाही. ते बदललेले दिसले, तर त्यातील सल्ला मानण्याआधी मूळ स्रोत शोधावा.